वेल्डिंग पॉइंट, चिकन साइड आणि वाफसा

होस्टेल, रात्रीचे पावणेअकरा. रूममेट झोपलाय, मी मोबाईलच्या उजेडात लिहितोय. अॅग्रीला अॅडमिशन घेतल्यापासून ठरवलंय की लेक्चरला ऐकलेला नवीन शब्द वहीच्या मागच्या पानावर जसा ऐकू आला तसा लिहायचा आणि नंतर त्याचा अर्थ लागला की पुढे लिहायचं. आता ते पान एवढं भरलंय की आज जरा नीट बसून लिहावं म्हणलं. सगळे शब्द मातीशास्त्राचेच आहेत, कारण बाकीच्या विषयांत मला झोप येते.

पहिला शब्द होरायझन. सर म्हणाले एका प्रोफाइलमध्ये अनेक होरायझन असतात आणि मी खिडकीतून बाहेर बघितलं, कारण दहावीपर्यंत होरायझन म्हणजे क्षितिज. इथे ते जमिनीच्या पोटात निघालं. खड्डा खणला की वरून खाली मातीचे जे थर दिसतात ते होरायझन, वरचा ए, मधला बी, आणि खाली कुजका दगड तो सी. आमच्याकडे त्या सीला मुरूम म्हणतात आणि ट्रॅक्टरने आणून रस्त्यावर टाकतात. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, बरोबर, पण पेपरात मुरूम लिहू नको.

दुसरा चिकन साइड. खरंच असंच लिहिलंय वहीत, पुढे प्रश्नचिन्ह. खरा शब्द स्लिकनसाइड. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते, भेगा पडतात, भेगांत वरची माती पडते, परत पाऊस आला की आत जागा कमी, मग मातीचे मोठे मोठे तुकडे एकमेकांवर दाबून घसरतात आणि जिथे घसरतात तिथे तिरका चकचकीत पृष्ठभाग तयार होतो, हाताने फिरवला तर तेल लावल्यासारखा लागतो. हे मी बघितलंय! आमच्या विहिरीचं काम चाललं होतं तेव्हा पाच-सहा फुटांवर असे चकचकीत तुकडे निघाले होते, आम्ही पोरांनी ते खिशात घातले आणि आईने पँट धुताना शिव्या घातल्या. तेव्हा नाव माहीत नव्हतं.

आता वेल्डिंग पॉइंट. यावर मी तीन दिवस गप्प होतो. सर म्हणत होते, वेल्डिंग पॉइंटला पीक पाणी घेऊ शकत नाही, आणि माझ्या डोळ्यासमोर गावातलं वर्कशॉप, ठिणग्या, काळा चष्मा. विल्टिंग आहे ते. म्हणजे कोमेजणं. कापूस उन्हाळी दुपारी मान टाकतो आणि संध्याकाळी परत ताठ होतो, ते तात्पुरतं. पण रात्रभर दमट हवेत ठेवूनही झाड उठलं नाही, तर त्या वेळी मातीत जेवढं पाणी उरलंय तो पर्मनंट विल्टिंग पॉइंट. हे मोजायला सूर्यफुलाची रोपं वापरतात म्हणे. म्हणजे कोणीतरी मुद्दाम रोपं कोमेजू दिली आणि बसून बघत राहिला.

आणि इथे खरं डोकं फिरलं. त्या पॉइंटलासुद्धा काळ्या मातीत पाणी संपलेलं नसतं. हलक्या मुरमाड जमिनीत झाड मरायला टेकतं तेव्हा सहा-सात टक्के ओल उरते, काळ्या चिकण मातीत साधारण 18 ते 20 टक्के. एवढं पाणी असून झाड तहानलेलं, कारण चिकणमातीचे बारीक कण ते पाणी इतकं घट्ट धरून बसतात की मुळांना ते ओढता येत नाही. आमच्या मामाच्या बँकेतल्या पैशासारखं, आहेत पण कुणाच्या कामाचे नाहीत.

मग आला फील्ड कपॅसिटी. मला वाटलं शेताची कपॅसिटी म्हणजे एकरी किती पोती. तर तसं नाही. शेत भरपूर भिजवलं की जास्तीचं पाणी स्वतःच्या वजनाने खाली निथळतं, दोन-तीन दिवसांत निथळणं जवळजवळ थांबतं, आणि मग मातीने जेवढं धरून ठेवलं ते फील्ड कपॅसिटी. फील्ड कपॅसिटी आणि विल्टिंग पॉइंट यांच्या मधलं पाणी तेवढंच पिकाचं. हे ऐकून मी मनात म्हणलं, अरे हा तर वाफसा, पावसानंतर जमीन औत घालण्याजोगी झाली की म्हणतात तो! आबा चाळीस वर्षं हेच बघतायत. मोठ्या अक्षरात लिहिलं, फील्ड कपॅसिटी = वाफसा, आणि खाली दोन रेघा मारल्या.

आज ती बरोबरची खूण खोडावी लागली.

झालं असं की सोमवारी प्रॅक्टिकलला कॉलेजच्या शेतात दोन मीटर बाय दोन मीटरचा वाफा केला, बांध घालून पाण्याने भरला, पाणी मुरल्यावर वर प्लास्टिक झाकलं म्हणजे उन्हाने वाफ होऊन जाऊ नये. काल प्लास्टिक काढून एक फूट खोलीची माती डबीत घेतली. रिकामी डबी 30 ग्रॅम, ओल्या मातीसकट 92, ओव्हनमध्ये 105 अंशावर 24 तास ठेवून आज 76. म्हणजे पाणी गेलं 16 ग्रॅम. मी 16 ला 62 ने भागून 25.8 टक्के काढलं आणि सगळ्यात आधी वही दाखवायला गेलो. सर म्हणाले, ओल्या मातीने का भागलंस, तिचं वजन तर पाण्यावरच बदलतं, कोरडी माती भागायला घे. कोरडी 46, उत्तर 34.8. नऊ टक्क्यांचा घोळ. एवढ्या फरकाने तर पाणी द्यायचं का थांबायचं तेच उलटं होईल.

पण वाफशाचं काय, तर काल डबी भरून झाल्यावर मी त्याच मातीचा लाडू वळला आणि आबा करतात तसा कमरेएवढ्या उंचीवरून सोडला. वाफसा असेल तर लाडू पडून फुटून मोकळा होतो. हा थप्प आवाज करून चपटा बसला, आणि माझी बोटं काळी चिकट. सरांना विचारलं तर ते हसले, म्हणाले काळ्या मातीत निथळायला जास्त दिवस लागतात, आणि निथळून फील्ड कपॅसिटीला आली तरी ती मऊ चिकटच असते, नांगर घातला तर फाळाला चिकटणार आणि मोठी ढेकळं निघणार. मशागतीला योग्य ओल त्याच्या जरा खाली असते. हलक्या जमिनीत दोन्ही जवळजवळ एकाच वेळी येतात, काळ्यात नाही.

म्हणजे सरांचा शब्द पिकाला पाणी किती ते सांगतो आणि आबांचा शब्द औत कधी घालायचं ते सांगतो, आणि मी उगाच दोघांचं लग्न लावून मोकळा झालो होतो.

जेवण झाल्यावर आबांना फोन केला. परतीचा पाऊस होऊन गेलाय, हरभरा पेरायचाय, ट्रॅक्टरवाला रोज विचारतोय येऊ का येऊ का. मी म्हणलं आबा, किती दिवस झाले पाऊस थांबून. म्हणले पाच. म्हणलं लाडू टाकून बघितला का. तिकडून दोन मिनिटं काहीच आवाज नाही, मला वाटलं रेंज गेली, मग म्हणले, बॅटरी घेऊन बांधावर आलोय, थांब.

चपटा बसला म्हणे.