गाडी लागते म्हणून

"गाडी लागू नये म्हणून गोळी नेमकी कधी घ्यायची? आणि मग दिवसभर पेंग येते, तिचं काय करायचं?"

वळणं सुरू व्हायच्या तासभर आधी. मी अनेक वर्षं तोंडाला पाणी सुटलं, जांभया यायला लागल्या की पाकीट शोधायचे. पण मळमळ सुरू झाली की पोट आपलं काम थांबवतं. गोळी पुढे आतड्यात सरकतच नाही, तिथेच पडून राहते. एकदा अर्ध्या तासाने उलटीत ती अर्धीमुर्धी विरघळलेली दिसली. फुकट गेली असं समजून मी लगेच दुसरी घेतली. पहिलीतलं बरंचसं अंगात गेलेलं असावं, कारण मुक्कामी उतरताना मला माझी बॅगही ओळखू येईना. तेव्हापासून उलटी झाली तरी दुसरी गोळी लगेच घेत नाही.

आता मी घड्याळ उलटं मोजते. समजा बस सहाला निघते, आठपर्यंत सरळ रस्ता आणि पुढे दोनपर्यंत वळणं. डायमेनहायड्रिनेटची ५० मिलिग्रॅमची गोळी मी सातला घेते. तिचा असर चार ते सहा तास टिकतो, म्हणून दुसरी बाराच्या सुमारास, पोट ठीक असतानाच. मळमळेपर्यंत थांबलात तर पुन्हा पहिलाच घोळ. मेक्लिझिन मात्र दिवसातून एकदाच घ्यायची असते, तीत हा दुसऱ्या गोळीचा हिशेब नाही. त्यामुळे पाकिटावर औषधाचं नाव आणि अंतर आधी वाचा. मुलांचा डोस तर डॉक्टरांनाच विचारा.

पेंग दोन्हींनी येते, मेक्लिझिनने सहसा कमी. प्रोमेथाझिनने सगळ्यात जास्त, म्हणून लांबच्या प्रवासाला ती आदल्या रात्री झोपताना घेतात. तरी सकाळी डोकं जड राहू शकतं. नवीन गोळी मी आधी सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन बघते, म्हणजे आपल्याला किती गुंगी येते ते कळतं. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, दारू नाही, आणि सर्दीची किंवा झोपेची गोळी सोबत घ्यायची नाही, कारण सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही गुंगी आणणारं औषध असतं.

कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी दोन-तीन दिवसांच्या बोटप्रवासाला बरी, एका दिवसासाठी तिचा खटाटोप कशाला! औषध कातडीतून हळूहळू मुरतं, म्हणून ती किमान चार तास आधी, कोरड्या, केस नसलेल्या जागी लावायची. तीन दिवसांनी काढायची, पुढे हवी असेल तर दुसऱ्या कानामागे नवी. कापून अर्धी करायची नाही. तोंड कोरडं पडतंच. लावल्यावर आणि काढल्यावर हात साबणाने धुवा. तेच बोट डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होते आणि जवळचं धूसर दिसतं. काचबिंदू असलेल्यांनी, लघवी अडखळत होणाऱ्यांनी आणि वयस्कर माणसांनी पट्टी डॉक्टरांना विचारूनच लावावी. म्हातारपणी तिच्याने माणूस भ्रमिष्टासारखं बोलायला लागू शकतो.