बावन्नचा बोअर

सकाळी साडेआठला क्वालिटीच्या खोलीतून बोलावणं आलं. रात्रपाळी संपवून मी कपडे बदलत होतो. टेबलावर माझे रात्रीचे ४४ जॉब मांडलेले होते आणि त्यांतल्या ३१ जॉबना लाल खडूची फुली होती. बोअर, म्हणजे आतलं भोक, लहान. कुठे १ मायक्रॉनने, कुठे ५ मायक्रॉनने; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

मला ते खरंच वाटेना, कारण प्रत्येक जॉब मशीनवरून उतरवताना मी स्वतः मोजला होता आणि एकही बाहेर नव्हता.

जॉब अ‍ॅल्युमिनिअमचं हाउसिंग. ६२०५ नंबरचं बेअरिंग त्यात बसतं, म्हणून आतलं भोक ५२ मिलिमीटर, एच-७ मध्ये. म्हणजे बरोबर ५२ पासून वर ३० मायक्रॉनपर्यंत चालतं, खाली एकही नाही. खाली गेलं तर बेअरिंग आवळून बसतं, त्याच्या आतली मोकळीक जाते आणि चालताना ते तापतं. सीएनसी लेथवर बोअरिंग बारने हा बोअर होतो. माप सरकलं की हत्याराची जागा दुरुस्त करणाऱ्या ऑफसेटच्या `WEAR` पानावर जाऊन दोन-चार मायक्रॉन आत-बाहेर करायचे. ऑपरेटरचं काम बाहेरून एवढंच दिसतं.

त्या मशीनचे सेटर म्हणजे आमचे काका. ते असताना हा जॉब कधीही फेल गेला नाही, हे आधीच सांगतो. हात असा की इन्सर्ट बदलल्यावर पहिला जॉब मापात. पण दोन वर्षांत त्यांनी मला एक गोष्ट शिकवली नाही. ऑफसेट घालायच्या वेळी मला फडकं आणायला पाठवायचे. खिशातली वही मी जवळ गेलो की मिटायची. काही विचारलं तर एकच उत्तर, "तू बटण दाब, बाकी माझ्यावर सोड." काका ड्रॉइंगबाहेर काय करतात हे आमच्या साहेबांनाही ठाऊक नव्हतं, आणि जाणून घ्यायची त्यांना कधी गरज पडली नाही, कारण अडलं की काकांना फोन लावला की काम व्हायचं.

त्या आठवड्यात काका दोन दिवस रजेवर होते. जाताना मी विचारलं होतं, बावन्नच्या बोअरमध्ये काही लक्षात ठेवायचं का? म्हणाले, "माप बघ आणि चालव." मी अगदी तेच केलं, आणि नुकसान त्यानेच झालं.

पहिला जॉब शून्याच्या, म्हणजे बरोबर ५२ च्या, वर १५ मायक्रॉन आला, अगदी मधोमध. दोन तासांनी गेज २४ दाखवू लागला. मला वाटलं, बोअर मोठा होत चाललाय, असंच चाललं तर पहाटेपर्यंत वरून बाहेर जाईल. मी `WEAR` मध्ये १० मायक्रॉन कमी केले. पुन्हा चढला, पुन्हा कमी केले. रात्रभर काटा १० ते १५ च्या दरम्यान धरून ठेवला. त्या रात्री मी इतकं मन लावून काम केलं होतं की सकाळच्या फुल्या बघून डोळ्यांत पाणी आलं.

साहेबांनी विचारलं, "गेज नीट झिरो केला होतास का?" केला होता, दर तासाला, ठरलेल्या मापाच्या स्टीलच्या रिंगवर. उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. क्वालिटीतल्या ताईंनी मात्र एक जॉब माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "हा आत्ता २० डिग्रीला आहे. रात्री हातात घेतलास तेव्हा असाच लागत होता का?"

नाही. रात्री तो कोमट लागत होता.

पुढच्या रात्री मी पहिल्यांदा ऑफसेटला हात न लावता नुसतं बघितलं. ताईंकडून थर्मामीटर आणला होता. कापताना जॉबवर ज्याची धार सोडतात ते कूलंट पाळीच्या सुरुवातीला शॉपइतकंच, २७ डिग्री. तीन तासांनी टाकीतलं कूलंट ३६ वर गेलं होतं, कारण पंप आणि कटिंगची सगळी उष्णता त्यातच उतरते. जॉब त्या कूलंटखाली कापला जातो, म्हणून तोही ३६ ला. एक जॉब उतरवल्या उतरवल्या मोजला, २५ आला. बाजूला ठेवला. अर्ध्या तासाने १७, तासाभराने १४. त्याच जॉबचा, कुणीही हात न लावता. सकाळी क्वालिटीच्या खोलीत तो १० वर स्थिरावला.

हिशोब कागदावर केला तेव्हा सगळं उलगडलं. अ‍ॅल्युमिनिअम दर डिग्रीला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं. ५२ मिलिमीटरच्या भोकाला ते दर डिग्री सव्वा मायक्रॉनच्या आत येतं. ऐकायला काहीच नाही. पण माप खरं धरतात ते २० डिग्रीचं आणि माझा जॉब ३६ ला होता. १६ डिग्रीचे झाले १९ मायक्रॉन. टेबलावरची रिंग स्टीलची, स्टील याच्या निम्मंच वाढतं, आणि ती २७ ला होती, म्हणून ती फक्त ४ ने मोठी. गेज मला १५ मायक्रॉन जास्त दाखवत होता. बोअर मोठा होतच नव्हता, जॉब तापत होता. मी चांगला बोअर लहान करत बसलो होतो.

आणि तेव्हा आठवलं, काकांच्या पाळीला मध्यरात्री काटा नेहमी २८-२९ वर असायचा. मी एकदा घाबरून म्हटलं होतं, "काका, वरच्या टोकाला आलंय." ते म्हणाले होते, "तुझं काम कर." ते एक वाक्य बोलायला हवं होतं: गरम जॉब वरच्या टोकालाच ठेवायचा, थंड झाला की मधे येतो. दहा सेकंदांची गोष्ट. त्या दहा सेकंदांचे ३१ जॉब झाले.

काका रजेवरून आले तेव्हा ते ३१ जॉब त्यांच्यापुढे ठेवले गेले. लहान बोअर पुन्हा कापता येतो, पण जॉब त्याला पकडणाऱ्या चकमधून एकदा सुटला की परत तसाच धरला जात नाही. काकांनी मला दुसऱ्या मशीनवर पाठवलं आणि दिवसभरात २२ वाचवले. साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली. मला त्या क्षणी काकांपेक्षा साहेबांचा जास्त राग आला. आग का लागली हे विचारायचं नाही, विझवणाऱ्याचा सत्कार करायचा, मग विझवणारा काड्यापेटीची जागा कुणाला कशाला सांगेल?

मी ताईंशी बोलून एक सोपी सोय केली. क्वालिटीत मोजून बरोबर १५ ठरलेला एक चांगला जॉब घेतला, त्यावर माप कोरलं आणि तो मशीनच्या आत कूलंटच्या धारेखाली टांगला. गेज आता रिंगवर लावायचा नाही, या जॉबवर लावायचा. दोघं एकाच धातूचे, दोघं एकाच तापमानाचे, त्यामुळे कूलंट २७ असो की ३६, फरक आपोआप कटतो. एकच पथ्य: जॉब उतरवल्यावर लगेच मोजायचा, टेबलावर ठेवून गप्पा मारायच्या नाहीत. पहिल्या आठवड्यात एकही फुली आली नाही.

आठव्या दिवशी तो मास्टर जॉब जागेवर नव्हता. काकांच्या कप्प्यात सापडला. मी सरळ विचारलं, "काका, का काढलात?" ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे समजायला माझी नऊ वर्षं गेली. मला कुणी जॉब टांगून दिला नव्हता." आवाजात राग नव्हता, भीती होती. घरी जाऊन मी त्या वाक्याचा खूप विचार केला. त्यांचं दुःख मला कळतं. पण त्यांच्या नऊ वर्षांची भरपाई माझ्या रात्रींतून का व्हावी, हे मला अजून पटलेलं नाही.

मास्टर परत टांगला आणि दुसरी वही मी स्वतः सुरू केली. काका मशीनला हात लावायच्या आधी मी ऑफसेटचं पान आणि चकच्या प्रेशरचा काटा उतरवून घेतो, ते गेले की पुन्हा. दोन्हींतला फरक म्हणजे त्यांनी काय केलं. ज्याला तोंडी मिळत नाही त्याला असंच शिकावं लागतं. त्यातूनच कळलं की रीवर्कला ते चकचं प्रेशर १४ बारवरून ८ वर आणतात. भिंत पातळ आहे. पूर्ण जोराने आवळलं तर जॉब तीन जबड्यांत दबतो, दबलेल्या अवस्थेत गोल कापला जातो आणि सोडला की तिकोनी होतो. आमचा दोन टोकांचा गेज ते दाखवतसुद्धा नाही.

गेल्या महिन्यात चार जॉब रीवर्कला आले, काका दुसऱ्या टोकाला होते. मी प्रेशर ८ केलं, नेहमीचा प्रोग्राम लावला, सायकल स्टार्ट दाबलं. स्पिंडल वेग घेऊ लागला तेवढ्यात काका अक्षरशः धावत आले, मला बाजूला ढकललं आणि इमर्जन्सीचं लाल बटण दाबलं. दार उघडलं तर जॉब जबड्यांत तिरका झाला होता. वेग वाढला की जबडे बाहेर खेचले जातात, पकड आणखी सैल होते. माझ्या वहीत प्रेशर होतं, वेग नव्हता. तो वेग ते प्रोग्राममध्ये बदलून नंतर परत पूर्ववत करत होते, म्हणून मला कधी दिसलाच नव्हता.

काका थरथरत होते. मीही. मग त्यांनी माझ्या खिशातली वही स्वतः ओढून काढली, ८ बारच्या पुढे आकडा लिहिला आणि म्हणाले, "आठावर हजाराच्या वर जायचं नाही. आणि वही बंद ठेवत जा, कूलंटने भिजते."

त्यानंतर तीन आठवडे झाले, पुन्हा काही बोललेले नाहीत. परवा साहेबांनी मशीनवर एक नवा मुलगा दिला. पाळी सुरू होताच मी त्याचा हात कूलंटखाली धरायला लावला, आणि दोन तासांनी परत. काका पलीकडून बघत होते. त्यांनी मला फडकं आणायला पाठवलं नाही.