टेपवरच का? तुम्ही विचारलंत म्हणून

“ताई, हार्ड डिस्क आहेत, क्लाउड आहे, आणि तुम्ही अजून टेपवर?”

आधी पैसे, कारण विचारणाऱ्याच्या मनात बहुधा तेच असतं. ठाण्यात आमच्याकडे माहितीपटांचं मूळ चित्रीकरण जपलं जातं, साधारण २०० टीबी, दोन प्रतींत. आम्ही वापरतो ती एलटीओ, म्हणजे डेटा साठवायची चुंबकीय टेप, तिची नववी पिढी. एलटीओ-९च्या एका कार्ट्रिजमध्ये १८ टीबी मावतात. खोक्यावर ४५ छापलेलं असतं, पण तो आकडा डेटा दाबून बसवला तरचा, आणि व्हिडिओ आधीच दाबलेला असतो. म्हणजे एका प्रतीला १२ कार्ट्रिज, दोन प्रतींना २४. आम्ही घेतली तेव्हा एक कार्ट्रिज सुमारे दहा हजारांना पडली, म्हणजे टीबीमागे साडेपाचशे रुपये. तेव्हाच चांगल्या हार्ड डिस्कचा भाव टीबीमागे दोन हजारांच्या आसपास होता.

मग टेप लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या ड्राइव्हचं काय, असं लगेच विचारलं जातं. बरोबर आहे, त्याला पाचेक लाख लागले. दोन्ही प्रती धरून डिस्कवर आठ लाख गेले असते, टेपवर सात लाख चाळीस हजार गेले. पहिल्या २०० टीबीला फरक जेमतेम, हे मी मान्य करते. पुढच्या २०० टीबीला मात्र तिथे पुन्हा आठ लाख आणि इथे दोन लाख चाळीस हजार. पन्नासेक टीबीच असतील, तर डिस्कच घ्या.

स्वस्त म्हणजे तकलादू, असं ज्यांना वाटतं त्यांना मी जुलैतली ती गोष्ट सांगते.

आमच्याकडची एक कार्ट्रिज टेबलावरून खाली पडली. वरून ओरखडाही नव्हता. पण झडप सरकवून पाहिलं, तर टेपच्या टोकाची पिन तिरकी झाली होती. ड्राइव्ह त्याच पिनेला धरून टेप बाहेर ओढतो. तिरकी पिन तशीच आत घातली तर ड्राइव्हही जायचा, म्हणून ती बाजूला ठेवली आणि तुर्भ्याच्या गोदामातून दुसरी प्रत मागवली.

ती आली भर पावसात, दुचाकीवरून, ओल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. त्या गोदामात एसी बंद होता, हे तेव्हाच कळलं. निर्माते समोर उभे होते, दुसऱ्या दिवशी फुटेज द्यायचं होतं. “कोरडी दिसतेय की, घाला आत.” मी नाही म्हटलं. चोवीस तास ती आमच्या खोलीतच राहील, म्हटलं. ते जे बोलले ते इथे लिहीत नाही.

माझा हट्ट कशासाठी होता, ते आता नीट सांगते. अर्ध्या इंच रुंदीच्या त्या पट्टीवर एलटीओ-९मध्ये ८,९६० ट्रॅक असतात आणि ड्राइव्हचं हेड एका वेळी ३२ ट्रॅक वाचतं. दमट हवेत ती पट्टी आडवी किंचित फुगते. मग हेडचा मधला भाग आपल्या ट्रॅकवर राहतो आणि कडेचे घसरायला लागतात. ड्राइव्ह स्वतःला काही प्रमाणात जुळवून घेतो, पण त्यालाही मर्यादा आहे. त्यातून हजारभर मीटर टेप घट्ट गुंडाळलेली असते. बाहेरचे वेढे लवकर कोरडे होतात, आतल्यांना बराच वेळ लागतो. वरून कोरडी दिसते, याला काही अर्थ नाही. उलट, थंड खोलीतली कार्ट्रिज ठाण्याच्या पावसाळी हवेत नेली तर तिच्यावर सरळ पाणीच धरतं.

चोवीस तासांनी लावली. वाचण्याचा वेग सेकंदाला ३५० एमबीच्या वर टिकून राहिला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. टेपला त्रास होत असेल तर तो वेगातच दिसतो: ड्राइव्ह पुन्हा पुन्हा मागे जाऊन तोच तुकडा वाचतो आणि आकडा कोसळतो. लिहिताना प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, नोंदवलेला असतो; त्याच्याशी प्रत्येक फाइल ताडून पाहिली, सगळ्या जुळल्या. फुटेज एक दिवस उशिरा गेलं, आणि ते निर्माते पुन्हा आले नाहीत.

पूर्वी मी सर्रास म्हणायचे, टेप लिहा, कपाटात ठेवा, तीस वर्षं बघू नका. आता तसं म्हणत नाही. १६ ते २५ अंश तापमान, २० ते ५० टक्के आर्द्रता, कार्ट्रिज उभ्या, कडेवर. हे सांभाळलं तरच त्या तीस वर्षांना अर्थ आहे, आणि ठाण्यात जून ते सप्टेंबर ते फुकट मिळत नाही. नवी कार्ट्रिज पहिल्यांदा लावताना ड्राइव्ह तिला मोजून घेतो, त्यात कधी दोन तासही जातात. तेही ती खोलीत रुळल्यावरच करायचं.

माझ्या हिशेबात न आलेली एक गोष्ट मात्र उरतेच. टेप तीस वर्षं टिकेल, पण ती वाचणारा ड्राइव्ह? एलटीओ-९चा ड्राइव्ह आठव्या पिढीची टेप वाचतो, पण एलटीओ-१०चा नवव्या पिढीची वाचत नाही. म्हणजे काही वर्षांनी सगळं नव्या टेपांवर उतरवा, नाहीतर आजच एक जादा ड्राइव्ह घेऊन ठेवा. तो जादा ड्राइव्ह धरला, तर पहिल्या २०० टीबीला मी डिस्कवाल्यांपुढे हरते. तरी येत्या मार्चच्या खरेदीत मी त्याचे पैसे मागणार आहे.