बँकेत पैसे, तरी तूट

आज आमच्या बॅडमिंटन क्लबच्या सभासदांना खजिनदार म्हणून वार्षिक पत्र पाठवलं. ४२,००० रुपये तूट. तासाभरात एका काकांचा फोन, "अरे, ३१ मार्चला बँकेत तर ७१,००० होते, मग तूट कसली?"

प्रश्न अगदी रास्त होता. पासबुक काढून एकेक नोंद त्यांना वाचून दाखवली. बँकेत जमा झालेल्या पैशांत ९०,००० रुपये पुढच्या वर्षाच्या वर्गणीचे आहेत. पंधरा जणांनी मार्चमध्येच सहा-सहा हजार भरले. ते पैसे आपल्याकडे आले, पण अजून आपले झाले नाहीत, कारण त्या बदल्यात त्यांना वर्षभर कोर्ट द्यायचं आहे. ते ७१,००० मधून वजा केले की आपण १९,००० नी उणे. गेल्या वर्षीची २३,००० शिल्लक तुटीत कधीच गेली.

तूट आली कुठून? हॉलचं भाडं ठरल्याइतकंच गेलं. खरा फटका पिसांच्या शटलचा. १,२०० चा डबा धरून ६०,००० मांडले होते. वर्षभरात डबे ठरल्यापेक्षा दोन कमीच लागले, पण सरासरी २,००० ला पडले आणि खर्च ९६,००० वर गेला. उरलेले सहा हजार नवी नेट आणि दिव्यांचे.

डब्याचा भाव वाढला तेव्हाच, दिवाळीत, मी सांगायला हवं होतं. पत्रात तेही लिहिलं आहे. रविवारी वर्गणीवर बोलू, बिलांची फाईल घेऊन येतो.