उरलेले वीस दिवस

सात वर्षं मी सांगली हेडक्वार्टरला एका औषध कंपनीचा एमआर होतो. शेवटची तीन वर्षं आमच्या रीजनमध्ये माझा सेल पहिला होता, आणि त्याच जोरावर मला एरिया मॅनेजर केलं. सांगली, कोल्हापूर, सातारा, रत्नागिरी अशी चार हेडक्वार्टर्स आणि चार माणसं हाताखाली आली. कोल्हापूरचे एमआर माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे. त्यांच्याशी कसं वागायचं हे मला वर्षभर उमगलं नाही, पण तो विषय वेगळा. मला सांगायचंय ते साताऱ्याच्या पोराबद्दल.

तो नवीन होता, सहा महिने झालेले. महिन्याचं टार्गेट तीन लाख, आणि जायचे दोनच्या आसपास. एप्रिलमध्ये मी त्याच्याबरोबर पहिलं जॉइंट वर्किंग लावलं, म्हणजे दिवसभर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे फिरायचं. कराडचं एक्स-स्टेशन धरलं, म्हणजे जाऊन त्याच दिवशी परतायचं गाव. दुसरीच भेट, आमच्या भाषेत कॉल, एका मोठ्या फिजिशियनची होती. पोरानं आमच्या बीपीच्या गोळीचं पान उघडलं. टेलमिसार्टन 40 आणि अम्लोडिपिन 5, एकाच गोळीत. डॉक्टर म्हणाले, "अम्लोडिपिननं माझ्या पेशंटच्या पायाला सूज येते. कशाला लिहू?"

पोरगा थांबला. दोन सेकंद, फार तर तीन. तेवढ्यात मी बोलायला लागलो. अम्लोडिपिन धमन्यांकडच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद करतं पण शिरांकडच्या तितक्या करत नाही, म्हणून मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. टेलमिसार्टन शिरांकडची बाजूही सैल करतं, त्यामुळे जोडगोळीत सुजेचं प्रमाण कमी राहतं. हे मी सात वर्षांत शेकडो वेळा सांगितलेलं. डॉक्टरांनी मान डोलावली. "बरं, चार-पाच जणांना लिहून बघतो."

त्या दिवशी अकरा कॉल झाले, नऊ कॉलमध्ये मीच बोललो. संध्याकाळी साताऱ्याच्या स्टँडवर पोराला म्हणालो, "बघितलंस ना? असं करायचं." तो "हो सर" म्हणाला. परतीच्या एसटीत मला अगदी पूर्वीसारखं वाटत होतं, चांगला दिवस गेल्यासारखं.

मे महिन्यात परत कराडला गेलो, तेव्हा त्या हॉस्पिटलच्या खालच्या केमिस्टकडे आधी आरसीपीए केला. कुठल्या डॉक्टरची कुठली चिठ्ठी किती येते, आपला ब्रँड किती आणि समोरच्याचा किती, हे काउंटरवर उभं राहून काढायचं. कंपनीकडून स्टॉकिस्टकडे गेलेला माल हा कागदावरचा सेल. माल खरंच पेशंटच्या घरी गेला का, हे काउंटरवरच कळतं. केमिस्टनं बिलं चाळली. माझ्या भेटीनंतरच्या आठवड्यात आमच्या सात स्ट्रिप गेल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात एक. त्यानंतर काहीच नाही.

मी पोराला विचारलं, "मधे डॉक्टरांना भेटला होतास ना?"

"दोनदा भेटलो सर. दोन्ही वेळा म्हणाले, तुमचे साहेब कधी येणार?"

हे ऐकून मी तिथंच, केमिस्टच्या पायरीपाशी थांबलो. महिन्यात कामाचे पंचवीस दिवस. चार माणसांना वाटून मी एकेकाबरोबर पाच दिवस फिरू शकतो. उरलेले वीस दिवस तो एकटा असतो. त्या चेंबरमध्ये मी त्याच्या तोंडचं उत्तर घेतलं, तेव्हा डॉक्टरांच्या लेखी तो पिशवी धरायला आलेला मुलगा झाला. माझे पाच दिवस जोरात गेले, आणि त्याचे वीस दिवस मीच अवघड करून ठेवले. असे नऊ कॉल होते, नुसत्या एका दिवसात.

एप्रिलच्या महिनाअखेरीला मी आणखी एक चूक केली होती. साताऱ्याची तूट भरायला सांगलीच्या माझ्या जुन्या स्टॉकिस्टला फोन केला आणि ओळखीवर ऐंशी हजारांचा जादा माल उचलायला लावला. आकडा पूर्ण झाला. पण माल त्यांच्या रॅकवर पडून राहिला, मेमध्ये त्यांची ऑर्डर तेवढीच कमी आली, आणि सातारा होतं तिथंच राहिलं. एमआर असताना माझ्या हातात सेल आणणं होतं. आता सेल आणणारी माणसं चार, आणि मी मधे घुसलो की त्यांचं काम माझ्या नावावर जातं आणि तूट मात्र तशीच राहते.

जूनमध्ये तिसऱ्यांदा गेलो तेव्हा पार्किंगमध्येच ठरवून घेतलं. आत जायच्या आधी त्याला एवढंच विचारलं, "या डॉक्टरांकडून आज काय घेऊन बाहेर यायचंय?" आधी तो म्हणाला, "चारही ब्रँड सांगायचेत." मी म्हटलं, "ते आपण काय देणार ते झालं. घेणार काय?" थोड्या वेळानं तो म्हणाला, "नवीन बीपीचे पेशंट असतील तर दोन जणांना आपली गोळी." मग आत गेलो. मी मुद्दाम भिंतीकडच्या खुर्चीत बसलो, डॉक्टरांच्या थेट नजरेत येणार नाही असा.

डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न काढला. सूज. पोरगा थांबला. एक, दोन, तीन, चार. माझी जीभ अक्षरशः टाळूला चिकटवून ठेवली होती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी पोराकडे पाहिलं.

"सर, सूज आलेले किती पेशंट असतील?"

"आता दोघं आठवतायत."

"ते अम्लोडिपिन पाचवर होते की दहावर?"

डॉक्टर जरा थांबले. "दहावर. पाचनं बीपी येत नव्हतं म्हणून वाढवलं."

"सूज डोसबरोबर वाढते ना सर. पाचवरच ठेवून टेलमिसार्टन जोडलं तर? आपल्या गोळीत तेच आहे."

सात वर्षांत मला हा प्रश्न कधी सुचला नव्हता. माझं उत्तर पुस्तकातलं होतं, सगळ्या डॉक्टरांना तेच. त्यानं त्या दोन पेशंटबद्दल विचारलं. आणि ती चार सेकंदं मी खाल्ली असती तर त्याच्या डोक्यात हे आहे हे मला कधी कळलंच नसतं. एप्रिलमध्ये तो अडला होता की विचार करत होता, हे मी बघितलंच नाही.

त्याचं चुकलं एकाच जागी. डॉक्टर "पटतंय" म्हणाले आणि तो आभार मानून उठला. दोन पेशंट मागायचे राहून गेले. दारापर्यंत जाईस्तोवर मला ते मागावंसं वाटत होतं, फार वाटत होतं. नाही मागितलं.

गाडीपाशी त्यानं विचारलं, "सर, काही चुकलं का?"

"तुला काय वाटतं?"

"ठरवलेलं मागायचं राहिलं."

"कधी मागशील?"

"आठवड्यानं येतोय ना सर. त्या दहावरच्या दोघांचं काय झालं ते विचारतो, आणि मागतो."

पूर्वी मी जॉइंट वर्किंगच्या रिपोर्टमध्ये लिहायचो, 'डॉक्टर कन्व्हिन्स केले'. त्या रात्री कराडच्या ओळीसमोर लिहिलं: 'प्रश्न चांगले विचारतो. शेवटी मागत नाही. पुढच्या भेटीत फक्त तेवढंच बघायचं.'

जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला. त्या केमिस्टकडे पंधरवड्यात पाच स्ट्रिप गेल्या होत्या. माझ्या सातपेक्षा कमीच. पण त्या मी नसताना गेल्या होत्या, आणि डॉक्टरांनी या वेळी साहेब कधी येणार असं विचारलं नव्हतं.