आकाश बदलता येतं, उजेड नाही

"बाहेरचे सगळे फोटो करडे आलेत. मागे निळं किंवा सूर्यास्ताचं आकाश टाकून द्याल का? ती ताडपत्री आणि मागचे लोकही काढून टाका. हल्ली मोबाईलवरसुद्धा एका बटणात होतं ना?"

लग्नाच्या फोटोंबद्दल तुम्ही हा निरोप पाठवलात. तर, हो, होतं. फोटोशॉपमध्ये तर २०२० पासून त्यासाठी वेगळी सोयच आहे आणि ती वाईट नाही. आकाश कुठे संपतं आणि झाडं कुठे सुरू होतात, हे ती बहुतेक वेळा बरोबर ओळखते. माझी पंचाईत त्यानंतर सुरू होते.

पावसात लग्न झालेलं जवळजवळ प्रत्येक जोडपं मला हे विचारतं. फोनवर मी "बघते" म्हणून वेळ मारून नेते आणि नंतर दोन्हीकडून कुरकुर होते. म्हणून या वेळी आधीच लिहून देते. समोर तुमचा पायऱ्यांवरचा फोटो ठेवलाय. पारदर्शक छत्री, ओल्या फरशा, मागे झाडांची रांग. तुम्ही सगळ्यात जास्त अडून बसलात तो हाच.

आधी आकाशाकडेच बघू. तुम्हाला पाठवलेल्या फाइलमध्ये ते सपाट पांढरं दिसतंय, पण माझ्याकडच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं जसंच्या तसं ठेवणाऱ्या मूळ फाइलमध्ये, त्याहून जास्त काही आहे. हायलाइटचा स्लायडर खाली ओढला की डावीकडे ढगांचे थर दिसायला लागतात. उजवीकडे मात्र कितीही ओढलं तरी पांढऱ्याचं एकसारखं करडं होतं, आकार एकही उमटत नाही. म्हणजे तिथे कॅमेऱ्याने काही टिपलेलंच नाही. छत्रीखाली चेहरे उजळ यावेत म्हणून मी प्रकाश जास्त घेतला, आणि त्याची किंमत आकाशाने मोजली. तसाच प्रसंग आला तर पुन्हा तेच करीन. काळवंडलेला चेहरा वर खेचला की त्यात दाणे येतात आणि कातडीचा रंग मातकट होतो. आकाश दुसरीकडून आणता येतं, चेहरा आणता येत नाही.

तेव्हा उजव्या बाजूला नवं आकाश बसवायला माझी हरकत नाही. प्रश्न आहे तो कुठलं बसवायचं.

तुमच्या आधीच्या एका जोडप्याला सूर्यास्तच हवा होता. जागा अशीच होती, पाऊस नुकताच थांबलेला, दोघं कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. मी सांगितलं की जमणार नाही. ते म्हणाले, आमच्या मित्राने मोबाईलवर करून दाखवलं. मी करायला बसले.

आकाश पाच मिनिटांत बदललं. मग दिसलं की सूर्य त्यांच्या पाठीमागे आहे आणि तरी दोघांचे चेहरे लख्ख उजळलेले. ढगाळ दिवशी उजेड सगळ्या आभाळातून सारखाच झिरपतो. नाकाची सावली नाही, हनुवटीखाली जेमतेम. मावळता सूर्य पाठीमागे असता तर चेहरे अंधारात गेले असते, केसांच्या आणि खांद्यांच्या कडेला नारिंगी रेघ उमटली असती, आणि दोघांच्या लांब सावल्या कॅमेऱ्याच्या दिशेने पडल्या असत्या. यातलं काहीच नव्हतं. स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यासमोर उभं केल्यासारखी ती दोघं दिसत होती. मग मी चेहरे थोडे दाबले, कडांवर हाताने उजेड रंगवला, सगळ्या फोटोला ऊब दिली. तिचे कपडे पांढरे होते, ते पिवळे पडले. म्हणून बदल फक्त कपड्यांपुरताच लागावा असा वेगळा मास्क केला. केस वाऱ्याने उडालेले होते. पांढऱ्या आकाशावर काळा केस कडेला अर्धा पांढरा होतो, आणि मागे गडद नारिंगी आलं की ती पांढरी किनार चमकायला लागते. डोक्यावरची ओढणी जाळीची होती. तिच्या प्रत्येक छिद्रातून जुनं आकाश दिसत होतं.

हे सगळं एक वेळ निभावलं असतं. हरले ती ओल्या फरशीपुढे.

ओली फरशी आकाश दाखवते. वर नारिंगी आणि खाली करडं, हे डोळ्याला लगेच खटकतं. कारण सांगता येत नसलं तरी खटकतं. त्यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे नवं आकाश उलटं करून फरशीवर फिकट पसरायचं. लांबच्या फरशीपुरतं ते चालतं, कारण तिथे क्षितिजाजवळचं आकाश दिसतं. पण आपल्या पायाजवळच्या पाण्याकडे आपण जवळजवळ वरून बघतो, त्यामुळे त्यात बरंच उंचावरचं आकाश दिसतं. ते फोटोच्या चौकटीत नसतंच. शिवाय सूर्यास्ताच्या वेळी डोक्यावरचं आकाश नारिंगी नसतं, निळसर आणि गडद असतं. मला ते हाताने बनवावं लागलं. त्यात दोघांची प्रतिबिंबं होती, ती सोडून. त्यात पडलेल्या थेंबांची वलयं होती, तीही सोडून.

शेवटी फोटो गेला. मोबाईलवर बघून त्यांनी बदाम पाठवले. मग त्यांनी तो भिंतीएवढा छापून घेतला. मोठ्या छपाईत केसांची किनार दिसली. आकाशात नारिंगीपासून जांभळ्यापर्यंत पट्टे दिसले, कारण त्यांनी मूळ फाइल न वापरता मोबाईलवर आलेली, दाबून लहान झालेली फाइल छापायला दिली होती. तिचे वडील म्हणाले, "हे दोघं इथे उभे नव्हतेच." आणि मला फोन आला की तुम्ही आधी सांगायला हवं होतं.

मी सांगितलं होतं. ते संदेश अजून माझ्याकडे आहेत. ते काढून दाखवण्यात काही अर्थ नव्हता, दाखवले नाहीत. पण मला ते लागलं, आणि अजून लागतं. तुमचा निरोप वाचून मी आधी चिडले ते बहुधा त्यामुळेच. त्यात तुमची काही चूक नाही.

त्यानंतर मी नियम केला की आकाश बदलायचं नाही, म्हणजे नाहीच. तो नियम बरीच वर्षं मोठ्या तोऱ्यात सांगितला. मग एका फोटोत दोघं पाठमोरी, लांबवर, टेकाडाच्या काठावर उभी होती. कोरडं गवत, चेहरे दिसत नव्हते, नुसत्या काळ्या आकृत्या. त्यांनी सूर्यास्त मागितला, मी नाही म्हटलं. त्यांनी तो दुसऱ्या कुणाकडून करून घेतला आणि मला पाठवला. चांगला दिसत होता. खोट काढायला बसले, सापडली नाही. पाठमोऱ्या काळ्या आकृतीवर उजेड कुठून येतो याचा पुरावाच नसतो. तेव्हा माझा नियम नक्की कशासाठी होता, खोटेपणा नको म्हणून की पुन्हा बोलणी खायला नकोत म्हणून, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

आता तुमचा फोटो. इथे फरशी ओली आहे, चेहरे कॅमेऱ्याकडे आहेत, आणि वर छत्री आहे. छत्रीच्या प्लॅस्टिकमधून मागचं आकाश दिसतंय आणि तिच्यावर थेंब आहेत. नवं आकाश टाकलं तर ते छत्रीतूनही दिसायला हवं, पण थोडं दुधी, आणि थेंब जागच्या जागी राहून. निळंभोर आकाश टाकलं तर हे दोघं कोरड्या उन्हात भिजलेली छत्री धरून का उभे आहेत, असं कुणीही विचारेल. झाडांसमोरून पडणाऱ्या पावसाच्या रेघाही दिसतायत. त्या काढता येतात, पण काढल्या तर छत्रीला कारणच उरत नाही.

म्हणून मी सुचवते ते असं. डावीकडचे खरे ढग जेवढे मिळतात तेवढे वर आणते. उजवीकडे त्याच जातीचे, थोडे फाटलेले ढग बसवते. माझ्याकडे लांब लेन्सने काढलेली ढगांची छायाचित्रं आहेत, त्यातलेच घेईन. रुंद लेन्सचं आकाश तुमच्यामागे कोंबलं तर ढग कापसाच्या बोंडांएवढे दिसतील. तुमच्यामागची झाडं धूसर आहेत, म्हणून ढगही तेवढेच धूसर करावे लागतील. माथ्याकडे आकाश थोडं गडद करते आणि ऊब फक्त कातडीला देते. करड्यावर करडंच आल्यामुळे फरशीला हात लावावा लागत नाही. याला तुम्ही "काहीच केलं नाही" म्हणाल अशी मला धास्ती आहे. जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून बघा.

ताडपत्री निघेल. ती झाडांवर आलीय, आणि तुम्ही यायच्या आधी मी त्याच जागेवरून एक रिकामी फ्रेम घेतली होती. त्यातली झाडं तिथे बसतात. मागचे दोन लोक निघतील. तिसरा, खुर्च्या उचलून पळणारा, छत्रीच्या प्लॅस्टिकमागे अर्धा गेलाय. त्याला पुसायचं तर छत्रीचा तो तुकडा दुसऱ्या फोटोतून आणावा लागेल, आणि दुसऱ्या फोटोत छत्री कललेली आहे. त्याला गडद करून झाडांत मिसळून टाकता येईल, नाहीसा करता येणार नाही.

फ्लॅशच्या फोटोंत तोंडासमोर जे पांढरे गोळे दिसतायत ते लेन्सजवळचे थेंब आहेत. गालावरचे सहज निघतात. डोळ्यावर आलेला असेल तर मागच्यापुढच्या फ्रेममधला डोळा घ्यावा लागतो, आणि डोळे तिकडेच बघत असतील तरच तो बसतो. लेन्सच्या काचेवर थेंब बसलेला असताना निघालेले जे काही फोटो आहेत, ज्यात एक कोपरा विरघळल्यासारखा दिसतो, त्यांचं काही होणार नाही. तिथला तपशील नाहीच. कापून लहान करता येतील.

सूर्यास्ताचा हट्ट असेलच तर पायऱ्यांचा फोटो सोडा. मैदानातला पाठमोरा निवडा, ज्यात तुम्ही लांब चालत गेला आहात. त्यात फरशी नाही आणि छत्री मिटलेली आहे. तो करीन, कुरकुर करत का होईना. पण गवत अजून ओलं चमकतंय, ते किती दाबता येईल हे केल्याशिवाय कळणार नाही, म्हणून आत्ताच हो म्हणत नाही.

पायऱ्यांच्या फोटोचा नमुना या आठवड्यात पाठवते. मोबाईलवर बघून लगेच उत्तर देऊ नका. मोठ्या पडद्यावर उघडा, पूर्ण आकारात करा, आणि तीन जागा बघा: नवरीच्या केसांची कड, छत्रीचा काठ, आणि तुमच्या पायाजवळचं पाणी. तिथे काही खटकलं तर छापायच्या आधी सांगा.