बेलभंडार

गणपतीच्या दिवसांत आमच्या आळीत कीर्तन असतं. यंदा आख्यान हरिश्चंद्राचं होतं. बुवा रंगात आले होते. व्यापाऱ्याचा शब्द, साक्षीदाराचा शब्द, नवऱ्याचा शब्द, तिन्ही सोन्याच्या ताजव्यात तोलावेत असं त्यांनी झांजेच्या ठेक्यावर बजावलं. लोक माना डोलवत होते. मी मात्र तालुक्याच्या कोर्टात सत्तावीस वर्षं साक्षीदारांना शपथ दिलेला माणूस. माझं लक्ष भलतीकडेच गेलं.

पहिली गोष्ट, कोर्टात गीता नसते. पिंजऱ्यात उभा राहिलेला प्रत्येक तिसरा माणूस हात पुढे करून पुस्तकाची वाट बघायचा. मी म्हणायचो, ‘काका, हात खाली घ्या आणि माझ्यामागून म्हणा.’ ईश्वरसाक्ष किंवा प्रतिज्ञेवर, खरं सांगेन, एवढंच. 1969 च्या शपथ कायद्यात तर अशी मेख आहे की शपथ द्यायची राहून गेली, तरी तेवढ्यामुळे साक्ष रद्द होत नाही. खरं बोलण्याचं बंधन शपथेवाचूनही असतंच. हे वाचलं तेव्हा मला माझ्या नोकरीबद्दल थोडं वाईट वाटलं होतं.

तोंडी व्यवहार कायद्याला चालतो. हातउसने दिलेले पैसेही दावा लावून मागता येतात. फक्त मुदत तीन वर्षांची. मधल्या काळात देणेकरी रोज पारावर भेटून ‘देतो हो दादा, सुगी होऊ द्या’ म्हणत राहिला, तर त्या शब्दाने मुदत एक दिवसही वाढत नाही. देणं मुदतीच्या आत लेखी कबूल करून त्याखाली सही केली, तरच वाढते. भल्या माणसांचे दावे बुडताना मी पाहिलेत ते बहुधा या ‘देतो हो’पायी.

आमच्या आजोबांनी तेवढी चूक केली नाही. 1950 साली त्यांनी शेजाऱ्याला बैल घ्यायला तीनशे रुपये दिले, चिठ्ठी-चपाटी काही नाही. दोन वर्षं वाट पाहून दावा लावला. शेजाऱ्याने कैफियत दिली की एक पैसाही घेतलेला नाही. साक्षीदार कुणी नव्हता. तेव्हा आजोबा कोर्टापुढे उभे राहून म्हणाले, ‘यांनी खंडोबासमोर बेलभंडार उचलून सांगावं. सांगतील ते मला मान्य.’

आज असं म्हणणाऱ्याला न्यायाधीश हसून खाली बसवतील. पण तेव्हा 1873 चा जुना शपथ कायदा चालू होता आणि त्यात याची रीतसर सोय होती. समोरच्याने अमुक शपथ घेतली तर मी बांधला जाईन, असं एका पक्षाने म्हटलं की कोर्ट दुसऱ्याला विचारू शके. सक्ती नसे. त्याने नकार दिला, तर कोणती शपथ सुचवली होती आणि तो नको का म्हणाला, हे नोंदवून ठेवत. घेतली, तर तो बोलेल ते शपथ मागणाऱ्यावर निर्णायक. मग पुराव्याला जागाच नाही. पोराच्या डोक्यावर हात ठेवायला मात्र मनाई होती. शपथेची झळ तिसऱ्या माणसाला लागता कामा नये, असं कायद्यात स्पष्ट होतं. ज्याने कुणी ते कलम लिहिलं, त्याने आपली माणसं नीट पाहिली असणार.

म्हणजे आजोबांनी जुगारच लावला होता. ‘घेतले नाहीत’ एवढं तो म्हणाला असता, की दावा तिथेच संपला.

शपथ कोर्टाबाहेर द्यायची म्हणून एका वकिलांना कमिशनर नेमलं. ठरल्या दिवशी सगळे देवळात गेले. शेजाऱ्याने पाय धुतले, ओंजळीत बेलाची पानं आणि चिमूटभर भंडार घेतला आणि बराच वेळ नुसताच उभा राहिला. मग म्हणाला, ‘तीनशे घेतले. साठ परत दिले. दोनशे चाळीस देणं आहे.’

कागदावर बेधडक खोटं लिहून देणारा माणूस हळदीच्या चिमटीला भ्यायला. पण साठ रुपये? आजोबा भडकले, मला एक दमडी मिळालेली नाही म्हणाले. उपयोग नव्हता, शब्द त्यांनीच देऊन ठेवला होता. हुकूमनामा दोनशे चाळिसांचाच झाला.

घरी येऊन त्यांनी हा प्रकार आजीला सांगितला. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. न वळताच म्हणाली, ‘दिले होते की. गेल्या दिवाळीत, तुम्ही पंढरपूरला गेला होता तेव्हा. दूधवाल्याचं थकलं होतं, त्याला दिले.’

‘आणि मला सांगितलं नाहीस?’

कन्यादानाच्या वेळी मुलीचा बाप बजावतो की धर्मात, अर्थात आणि कामात हिला डावलून जाऊ नकोस, आणि नवरदेव ‘नातिचरामि’ म्हणतो. आमच्याकडे बहुतेक नवरदेव ते पुटपुटतात, फोटोग्राफरकडे बघत. आजोबा भिक्षुकाच्या घरातले, त्यांनी ते खणखणीत म्हटलं असणार.

आजीने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि विचारलं, ‘तीनशे देताना तुम्ही मला सांगितलं होतंत?’